युरो-डॉलरचा दहा महिन्यांचा उतार

प्रश्न: दोन मध्यवर्ती बँकांची धोरणं वेगळी असली की जोडीत कित्येक महिने एकच ट्रेंड चालतो म्हणतात. युरो-डॉलरच्या डेली चार्टवर हे कुठे दिसेल?

मे २०१४ ते मार्च २०१५ हा तुकडा उघडा. इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं.

८ मे २०१४ला भाव १.४०च्या अगदी तोंडाशी गेला. त्याच दुपारच्या पत्रकार परिषदेत युरोपियन सेंट्रल बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष द्रागी यांनी पुढच्या बैठकीत धोरण सैल करण्याची तयारी दाखवली आणि युरो वरून जो फिरला तो फिरलाच. जूनमध्ये तिथला डिपॉझिट दर, म्हणजे बँकांनी तिथे ठेवलेल्या पैशांवरचा व्याजदर, उणे ०.१०% झाला, सप्टेंबरमध्ये उणे ०.२०%. तिकडे अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेड रोखेखरेदी आवरत होती. ऑक्टोबरअखेर ती थांबलीच. २२ जानेवारी २०१५ला युरोपने महिन्याला ६० अब्ज युरोंची रोखेखरेदी जाहीर केली. जुलैपासून मार्चपर्यंत सलग नऊ महिने बंद भाव आधीच्या महिन्याच्या खाली. मार्चच्या मध्यावर तळ लागला, १.०५च्याही जरा खाली.

चार्टखाली आणखी एक रेष लावा: अमेरिकेच्या आणि जर्मनीच्या दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांवरच्या परताव्यातला फरक. मे २०१४मध्ये तो पाव टक्क्याच्या आसपास होता, मार्चपर्यंत ०.९ टक्क्याच्या घरात गेला. एवढ्या काळात फेडने दर एकदाही वाढवला नव्हता. पुढे वाढेल ही अपेक्षाच दर महिन्याला थोडी थोडी भावात मुरत होती, म्हणून उतार एका दिवसात न आटपता दहा महिने चालला.

पण हा उतारही सरळसोट नव्हता. ऑक्टोबर २०१४मध्ये युरो १.२५वरून दोन आठवड्यांच्या आत १.२८च्या वर गेला. अमेरिकी रोख्यांचा परतावा अचानक कोसळला होता, फरक तात्पुरता आकसला होता. डेली चार्टवर ट्रेंड संपल्यासारखाच वाटला असता. पण युरोपचं धोरण सैल होण्याच्या दिशेनेच चाललं होतं, त्यामुळे माझ्या मते ती चढण उसळीपलीकडे काही नव्हती.

खरा शेवट १८ मार्च २०१५ला दिसतो. फेडने ‘सबुरी’चा शब्द निवेदनातून काढला, म्हणजे दरवाढीची वाट मोकळी केली, पण सोबत पुढच्या दरांचे स्वतःचे अंदाज खाली आणले. त्या रात्री युरोने १.१०पर्यंत उडी मारली. फेडची पहिली दरवाढ आली थेट १६ डिसेंबरला, आणि तोवर भाव कित्येक महिने साधारण १.०५ ते १.१५ या पट्ट्यातच घुटमळत होता. त्याआधी ३ डिसेंबरला तर युरोपने डिपॉझिट दर उणे ०.३०% केला, तरी युरो एका दिवसात सुमारे ३% वर गेला, कारण बाजाराने त्याहून मोठ्या पावलाची अपेक्षा धरली होती. म्हणून मी बैठकीच्या निर्णयाआधी बघतो की त्यातलं किती भावात आधीच बसलंय.