क्रिप्टोची मोठी मूव्ह रात्री एक-दोनला येते आणि सकाळी उठेपर्यंत सेटअप गेलेला असतो. झोप सांभाळून हे कसं जमवायचं?

अलार्म लावून उठू नका. हे पहिलं सांगतो, कारण मी सात महिने तेच केलंय आणि त्याची फी पण भरलीय.

मी बिटकॉइन फ्युचर्स चार तासांच्या कॅन्डलवर खेळतो. आपल्याकडे त्या कॅन्डल रात्री साडेनऊला, मग दीडला आणि पहाटे साडेपाचला बंद होतात. म्हणून रोज १:२५ चा अलार्म, फोन उशीखाली व्हायब्रेटवर, बायकोची झोप मोडू नये म्हणून. एका रात्री कॅन्डल अगदी हवी तशी लेव्हलच्या वर बंद झाली आणि मी एक डोळा मिटलेला, ब्राइटनेस पार खाली, अशा अवस्थेत ०.०२ च्या जागी ०.२ टाकून मार्केट ऑर्डर मारली. स्टॉप लावला आणि परत झोपलो, ते पण समाधानाने! सकाळी बघतो तर भाव आधी खाली येऊन माझा स्टॉप खाऊन गेला होता आणि मग वर निघून गेला होता. जिथे एक टक्का जायला हवा होता तिथे खात्यातले दहा टक्के गेले. गाढ झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं जागेवर नसतं, आणि मी पाच मिनिटांत पैसे लावत होतो.

त्यानंतर अलार्म बंद केला आणि तीन महिने चुकलेले सेटअप वहीत लिहिले. दीडला आणि साडेपाचला मिळून सतरा आले, त्यातले अकरा सकाळी सहाला उठल्यावरही घेता येण्यासारखे होते. म्हणजे ‘गेलेला’ सेटअप बऱ्याचदा गेलेला नसतोच, आपण फक्त मोजत नाही.

मोजायचं कसं ते सांगतो. समजा एन्ट्री १,१०,००० डॉलर, स्टॉप १,०८,४०० आणि टार्गेट १,१३,२०० होतं, म्हणजे १,६०० च्या रिस्कवर ३,२००. सकाळी भाव १,१०,६०० असेल तर स्टॉप २,२०० लांब आणि टार्गेट २,६०० लांब, अजून चालतं, फक्त क्वांटिटी ०.०२ वरून ०.०१४ करायची म्हणजे रिस्क तेवढीच राहते. पण भाव १,१२,००० असेल तर १,२०० साठी ३,६०० लावतोय आपण. तो सोडायचा. फार तर १,१०,००० ला लिमिट लावा, स्टॉप सोबतच, आणि सकाळी साडेनऊपर्यंत भरली नाही तर काढून टाका. मला खरा फटका सेटअप हुकल्यामुळे कधीच बसला नाही, सकाळी सातला त्याच्यामागे धावल्यामुळे बसला.

रात्री साडेनऊची कॅन्डल मात्र मी घेतो, पण अर्ध्या क्वांटिटीने आणि स्टॉप-मार्केट लावून. स्टॉप-लिमिट नाही, भाव तुमच्या लिमिटवरून उडी मारून खाली गेला तर ऑर्डर तशीच लटकत राहते आणि तुम्ही घोरत असता. फेडच्या निर्णयाच्या दिवशी काहीच नाही, कारण तो उन्हाळ्यात साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येतो (अमेरिकेतली घड्याळं एक तास मागेपुढे होतात, मार्च-नोव्हेंबरमध्ये हे विसरू नका).

आता माझा एक मित्र आहे, तो मला कायम ऐकवतो की ‘मार्केट झोपत नाही आणि तू कसला ट्रेडर रे, दहाला घोरतोस’. ११ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे, आपल्याकडे अडीच-तीनच्या दरम्यान, ट्रम्पच्या चीनवरच्या १०० टक्के टॅरिफच्या घोषणेनंतर जे झालं ते आठवत असेल, १९ अब्ज डॉलरपेक्षा जास्तीच्या पोझिशन उडाल्या. तो जागा होता. पडतंय तसं एका ऑल्टकॉइनमध्ये क्रॉस मार्जिनवर अॅव्हरेज करत बसला, मग अॅप अडकलं आणि पूर्ण वॉलेट लिक्विडेट. मी झोपलेलो होतो. स्टॉप लागला, ठरवलेल्या भावापेक्षा बराच खाली लागला, पण क्वांटिटी अर्धी होती म्हणून दीड टक्क्यावर भागलं. जागं राहून त्याने नेमकं काय मिळवलं, हे मी त्याला तीनदा विचारलंय.

हां, हे सगळं चार तासांच्या किंवा त्यावरच्या चार्टवाल्यांसाठी. पाच मिनिटांवर स्काल्पिंग करत असाल तर माझं काही उपयोगाचं नाही, तुम्हाला जागावंच लागेल, मग दिवसा झोपायची सोय बघा, नोकरी असेल तर ते शक्य नाही. आणि स्पॉटमध्ये असाल तर नफ्यावर ३० टक्के टॅक्स, एका ट्रेडचा तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, वर विकताना १ टक्का टीडीएस, त्यामुळे रात्रीचे फुटकळ ट्रेड तसेही परवडत नाहीत. मित्राला हे पण सांगितलं. तो म्हणाला, तुझं नशीब चांगलं होतं.