बेरीज १०० झाली तरी ओल १०० नसते: सोयाबीनच्या पेरणीचा हिशेब

प्रश्न: नागपूर जिल्ह्यात काटोलच्या बाजूला ५ एकर कोरडवाहू वावर आहे. ३ एकर भारी काळी, २ एकर बरड. सोयाबीन घेतो. मृगात पेरलं की पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी करावी लागते. अंदाज आणि ओल पाहून तारीख कशी ठरवायची?

पहिली गोष्ट म्हणजे ५ एकरांची एकच तारीख ठरवू नका. काळी आणि बरड यांचे निर्णय वेगळे होतात. ते का, हे खालच्या हिशेबात दिसेल.

७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला तुम्ही दरवर्षी ऐकत असाल. सल्ला बरोबर आहे, पण लोक नुसती बेरीज करतात. मधल्या उघाडीत किती ओल उडून गेली ते कोणी वजा करत नाही. जूनमध्ये आपल्याकडे ऊन आणि वारा दोन्ही कडक असतात. पाऊस झाल्यावर पहिले दोन दिवस उघडी जमीन रोज ४-५ मिमी पाणी गमावते. वरचा थर सुकला की हा वेग झपाट्याने उतरतो. मी वजाबाकीसाठी ढोबळ आकडे धरतो: पावसानंतर पहिल्या दिवशी ५, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २ आणि पुढे रोज १. पाच मिमीच्या आतली सर हिशेबात धरतच नाही, ती वरच्या धुळीतच जिरते.

समजा पाऊस असा झाला: १२ जूनला २२ मिमी, १४ ला ९, मग उघाड, २० ला ३१, २१ ला १८ आणि २३ ला २६. नुसती बेरीज केली तर २१ जूनलाच ८० होतात आणि गावात तिफणी निघतात. आता वजाबाकी करून पाहा. १२ चे २२ हे १४ च्या सकाळपर्यंत १३ उरतात, त्यात ९ मिळून पुन्हा २२. २० च्या सकाळी त्यातले जेमतेम ८ शिल्लक असतात. त्यात ३१ मिळून ३९, २१ ला ५२. म्हणजे ज्या दिवशी गाव ८० म्हणतं त्या दिवशी जमिनीत ५२ आहेत. २३ ला नुसती बेरीज १०६ होते आणि जमिनीत ६९ असतात, आणि काळ्या जमिनीत वाफसा यायला दोन-तीन दिवस लागतात. माझी तारीख २५ किंवा २६ जून निघेल. (पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतात, म्हणून २३ चा आकडा म्हणजे २२ च्या सकाळपासूनचे २४ तास. तारखा जुळवताना इथे घोळ होतो.) महसूल मंडळाचे आकडे maharain.maharashtra.gov.in वर मिळतात, पण मृगाचा पाऊस एका धुऱ्यावर पडतो आणि दुसऱ्यावर नाही. त्यामुळे बांधावर स्वतःचं साधं पर्जन्यमापक लावा.

वहीतला आकडा वावरात तपासून घ्यायचा. काळ्या जमिनीत बोटभर जाडीची लोखंडी सळई हाताच्या जोराने दाबा. ओल असेल तिथवर ती सरळ जाते, कोरडा थर लागला की अडते. दहा-बारा ठिकाणी ती ३० सेंमीपर्यंत गेली तर ठीक. १२-१५ सेंमीवर अडत असेल तर खाली कोरडा थर बाकी आहे. अशा वावरात बी उगवतं, दोन पानं दिसतात, शेतकरी खूश होतो, आणि आठवड्यात मूळ त्या कोरड्या थराला टेकलं की रोप माना टाकतं. बरडीत सळई मुरमाला लागून फसवते, तिथे फावड्याने खड्डा करून मातीची मूठ वळून बघा. गोळा वळला आणि अंगठ्याने दाबल्यावर भुगा झाला नाही, तर ओल पुरेशी आहे.

आता खंडाचं. रोप लहान असताना पाणी फार पीत नाही, दिवसाला २ मिमीच्या आसपास. ३० सेंमी ओली काळी जमीन बारा-पंधरा दिवसांचा खंड सहज ओढते. बरडीची मातीच वीतभर, तिची साठवणच तोकडी, सात-आठ दिवसांत ती हात वर करते. म्हणून एकाच पावसावर काळी पेरायची आणि बरड थांबवायची, असा निर्णय अगदी योग्य असू शकतो.

बरडीसाठी अंदाज कामाला येतो, पण कोणता ते महत्त्वाचं. हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज पेरणीचा दिवस ठरवायला वापरा. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तोही पाहा. त्यातल्या भाषेकडे नीट लक्ष द्या. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ जिल्ह्याच्या चौथाई किंवा त्याहून कमी ठिकाणी, तोही २.५ मिमी असला तरी पाऊसच धरला जातो. या शब्दावर बरड पेरू नका. ‘बहुतांश ठिकाणी’ असेल तेव्हा हालचाल करा. दर गुरुवारी विस्तारित अंदाज येतो, त्यात पुढच्या आठवड्यांत विदर्भात पाऊस सरासरीपेक्षा कमी की जास्त एवढंच कळतं. पहिले दोन आठवडे विचारात घ्या, पुढचे सोडून द्या. त्या दोन्ही आठवड्यांत कमी दाखवत असेल तर बरडीचं बी पोत्यातच राहू द्या.

उलट बाजूही आहे. पेरल्यावर दोन-तीन दिवसांत मोठा पाऊस, म्हणजे ६५ मिमीच्या वर, येण्याचा अंदाज असेल तर काळीतही थांबा. वर पापडी धरते आणि सोयाबीनची नाजूक मान ती फोडू शकत नाही. ओल कमी आहे म्हणून बी खोल टाकायचा मोहही नको, ३-४ सेंमी पुरे.

थांबल्याने किती नुकसान होतं, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. १२ ऐवजी २५ जूनला पेरल्याने सोयाबीनचं फारसं बिघडत नाही. पण १४ ला पेरलेलं करपलं तर ते कळायला आठवडा जातो, पुन्हा ओल आणि वाफसा मिळेपर्यंत जुलै उजाडतो, आणि वर एकरी २६-३० किलो बियाणं पुन्हा घ्यावं लागतं, तेही मिळेल ते. घाईने मिळवलेले दहा-बारा दिवस तिथेच व्याजासकट जातात. तालुक्याच्या जुन्या रोजच्या नोंदी मिळाल्या तर एक काम करा: प्रत्येक वर्षी ७५ मिमी कधी भरले आणि त्यानंतर २० दिवसांत सलग १० दिवसांचा खंड पडला का, ते लिहा. २० जूनच्या आधी भरलेली वर्षं वेगळी मोजा. या वेगळ्या मोजलेल्या वर्षांत तीनातून एकदा खंड दिसला, तरी बरडीवर मृगाची पेरणी माझ्या हिशेबात बसत नाही.

थांबण्यालाही मर्यादा आहे. सोयाबीन १५ जुलैपर्यंत चालतं, पण जुलैचा पहिला आठवडा सरला की लांब मुदतीचा वाण सोडून ९० दिवसांचा, जेएस ९३०५ सारखा, घ्या. बरडीवर शेवटी पाणी कमी पडतं, तिथे हे आधीच लागू करा. १० जुलैपर्यंत बरडीला वाफसा मिळालाच नाही, तर सोयाबीनचा नाद सोडून तिथे तूर घ्या, आणि जितका उशीर तितकं दोन ओळींतलं अंतर कमी करा.