पुरणपोळी, होळिगे, वेडमी: एकाच व्हिडिओची वेगवेगळी शीर्षकं

*माझ्या पुरणपोळीच्या व्हिडिओचा मूळ आवाज मराठी आहे. आता हिंदी, कन्नड आणि गुजराती डबिंगही चढवलंय. पण बेंगळुरूच्या बहिणीने कन्नड आवाज लावला तरी शीर्षक मराठीच दिसतं. प्रत्येक आवाजाला वेगळं शीर्षक आणि वर्णन कुठून द्यायचं?*

ताई, यूट्यूबवर शीर्षक आवाजाच्या ट्रॅकला जोडलेलं नसतं. बघणाऱ्याने यूट्यूब ज्या भाषेत ठेवलंय, तिला ते जोडलेलं असतं. त्यामुळे बहिणीने गिअरच्या चिन्हातून कन्नड आवाज निवडला की बदलतो तो फक्त आवाज. शीर्षक कन्नड दिसायचं तर दोन गोष्टी लागतात: तुम्ही कन्नड शीर्षक भरलेलं हवं आणि तिचं यूट्यूब कन्नडमध्ये हवं.

भरायला घेण्याआधी मूळ भाषा तपासा. स्टुडिओत व्हिडिओच्या Details मध्ये खाली Show more दाबा. तिथे व्हिडिओची भाषा आणि शीर्षक-वर्णनाची भाषा असे दोन वेगळे रकाने आहेत. तुमच्या बाबतीत दोन्हीकडे मराठी हवं. माझ्या एका व्हिडिओला शीर्षकाची भाषा चुकून इंग्रजी राहिली होती. शीर्षक मराठीत लिहिलेलं, पण नोंदीत ते इंग्रजी. मग इंग्रजी भाषांतर जोडायला गेले तर यादीत इंग्रजी सापडेचना, कारण मूळ भाषा तिथे पुन्हा जोडता येत नाही. रकाना मराठी केला आणि अडचण सुटली.

आता डावीकडच्या मेनूत Languages उघडा आणि हा व्हिडिओ निवडा. डबिंग जिथून चढवलंत तेच हे पान. प्रत्येक भाषेच्या ओळीत आवाजाचा रकाना वेगळा आणि शीर्षक-वर्णनाचा वेगळा आहे. तुमचा पहिला भरलाय, दुसरा रिकामा आहे. कन्नडच्या ओळीत Title & description खाली Add दाबा, मजकूर भरा, Publish करा. हिंदी आणि गुजरातीचंही तसंच.

खरा वेळ द्यायचा तो शीर्षकात काय लिहायचं यावर. शब्दाला शब्द भाषांतर करू नका, त्या भाषेतला माणूस शोधताना काय टाइप करेल ते लिहा. कर्नाटकात पुरणपोळीला होळिगे किंवा ओब्बट्टू म्हणतात. गुजरातेत वेडमी म्हणतात आणि ती बहुधा तुरीच्या डाळीची असते. तुम्ही हरभऱ्याची डाळ वापरली असेल, तर गुजराती वर्णनाच्या पहिल्याच ओळीत तसं सांगा, नाहीतर बाई तुरीची डाळ शिजत घालून बसेल. मी असं लिहिलं असतं:

```
mr: पुरणपोळी न फुटता कशी लाटायची
hi: पूरन पोली बेलते समय फटे नहीं, ऐसे बनाएँ
kn: ಹೋಳಿಗೆ (ಒಬ್ಬಟ್ಟು)
gu: પૂરણ પોળી (વેડમી)
en: Puran Poli / Holige / Vedmi – Marathi, Hindi, Kannada, Gujarati audio
```

कन्नड आणि गुजरातीत मी फक्त नावं दिलीत. पुढचं वाक्य ती भाषा घरात बोलणाऱ्याकडूनच लिहून घ्या, कन्नडसाठी बहीण आहेच. मर्यादा १०० अक्षरांची आहे आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून देवनागरी शीर्षक दिसतं त्यापेक्षा लवकर भरतं. पदार्थाचं नाव सुरुवातीला ठेवा, मोबाइलवर शेपूट कापलं जातं.

शेवटची इंग्रजी ओळ मुद्दाम घातली आहे. तुमचं इंग्रजी डबिंग नाही, तरीही इंग्रजी शीर्षक देता येतं, कारण त्याला आवाजाचा ट्रॅक लागत नाही. आपल्याकडे घरात कन्नड किंवा गुजराती बोलणारे कितीतरी लोक फोन इंग्रजीतच ठेवतात. तुमच्या बहिणीचाही तसाच असेल, तर कन्नड शीर्षक भरूनही तिला ते दिसायचं नाही, इंग्रजी दिसेल. इंग्रजी नसेल, तर मूळ मराठी. पण त्या शीर्षकात कोणकोणते आवाज आहेत ते लिहाच. नाहीतर माणूस इंग्रजी ऐकायला येईल आणि मराठी कानावर पडताच निघून जाईल.

वर्णनात प्रकरणांच्या वेळा दिल्या असतील तर प्रत्येक भाषेत त्या जशाच्या तशा, 0:00 पासून ठेवा, फक्त पुढची नावं बदला. डबिंग त्याच चित्रावर चालतं, त्यामुळे वेळ हलत नाही.

तपासताना स्टुडिओतलं पान बघून समाधान मानू नका. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, यूट्यूबच्या सेटिंगमध्ये भाषा कन्नड करा आणि व्हिडिओची लिंक टाका. मूळ मराठी दिसलं तर कन्नडचा मजकूर Publish व्हायचा राहिलाय. कन्नड शीर्षक दिसलं, तर तिथेच आवाज बदलून मराठी करा. शीर्षक कन्नडच राहील, आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत काय झालं ते डोळ्यांसमोर दिसेल.