ज्ञानदेवांचे वडील: विठ्ठलपंत की निवृत्तिनाथ?

प्रश्न: ज्ञानेश्वरांच्या आईचं नाव कुठे रुक्मिणी तर कुठे रखुमाबाई दिसतं. वडील विठ्ठलपंत म्हणावेत, तर ज्ञानेश्वरीत ते स्वतःला निवृत्तिनाथांचा मुलगा म्हणवतात. नक्की काय धरायचं?

आईच्या नावात गुंता असा नाहीच. रुक्मिणीतलं ‘क्म’ मराठी बोलण्यात सुटं होऊन ‘खुम’ झालं, म्हणून रखुमा. त्याला पुढे कुणी आई जोडतं, कुणी बाई, कुणी देवी. पोथी संस्कृत वळणाची असेल तर रुक्मिणी, नाहीतर रखुमाबाई.

वडिलांचं प्रकरण मात्र खोल आहे. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ओवी येते: ‘तेथ महेशान्वयसंभूतें। श्रीनिवृत्तिनाथसुतें। केलें ज्ञानदेवें गीते। देशीकार लेणें॥’ निवृत्तिनाथ हे त्यांचे थोरले भाऊ, तेव्हा इथला ‘सुत’ जन्माचा नव्हे, दीक्षेचा. नाथपंथात गुरू हाच बाप. ओवीत त्याआधी आलेला शब्दही तसाच वाचायचा. ‘महेशान्वय’ पाहून महेश नावाचा पूर्वज शोधायला निघू नये. ती आदिनाथ शंकरापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी अशी निवृत्तिनाथांपर्यंत आलेली गुरुपरंपरा आहे. म्हणजे ग्रंथकार इथे पंथाची वंशावळ देतो, घराण्याची नाही.

मग घरची नावं कुठून आली? नामदेवांच्या नावावर असलेल्या ‘आदि’ या प्रकरणातून आणि महिपतींसारख्या संतचरित्रकारांकडून. अभंगांतली ‘बापरखुमादेवीवरु विठ्ठलु’ ही कवीची नाममुद्राही या नावांना जोडून दाखवली जाते: बाप विठ्ठल, आई रखुमा. श्लेष सुरेख आहे, पण पुरावा म्हणून तो एकटा टिकत नाही. ‘रूप पाहतां लोचनीं’ घ्या. सगळा अभंग पंढरीच्या मूर्तीसमोरचा, आणि शेवटी ‘सर्व सुखाचें आगरु, बापरखुमादेवीवरु’. इथला वर म्हणजे रखुमाईचा नवरा, तो देवच. आळंदीच्या कुळकर्ण्यांचे जावई विठ्ठलपंत यांना मधे आणायची काहीच गरज पडत नाही. उलट, मुद्रेवरूनच पुढच्यांनी आईबापांची नावं बेतली असतील, असंही कुणी म्हणू शकेल. मला ते पटत नाही, कारण विठ्ठल आणि रुक्मिणी ही नावं त्या मुलखात घरोघर शोभणारी. ती जुळून आली आणि कवीनं त्यांचा उपयोग केला, हे सहज घडण्यासारखं आहे.

ओवीतलं ‘निवृत्तिनाथसुत’ आणि अभंगातलं ‘बापरखुमादेवीवरु’, याच दोन मुद्रांनी एकेकाळी मोठा वादही पेटवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शि. ए. भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावानं लिहून ज्ञानेश्वरीकार वेगळा आणि अभंगकार वेगळा, असं मांडलं. पण एकाच माणसानं ज्ञानेश्वरीत गुरूचं नाव घ्यावं आणि अभंगात देवाचं, यात अडचण कसली?

आणखी एक नाव चरित्रांत भेटतं: चैतन्याश्रम. हे कुणी तिसरे वडील नव्हेत. काशीला संन्यास घेतल्यावर विठ्ठलपंतांना मिळालेलं ते आश्रमनाम. गुरूच्या आज्ञेनं पुन्हा संसारात आल्यावर ते गळून पडलं.

टिपणात लिहायचं असेल तर ‘वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणी (रखुमाबाई)’ असं लिहून ‘परंपरेनुसार’ जोडा, आणि निवृत्तिनाथांना गुरूच्या रकान्यात ठेवा.