प्रश्न खाजनातला, काम इलेक्ट्रॉनिक्सचं

प्रश्न: मी गोव्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण ओढ पाणी-शेतीच्या, म्हणजे सिव्हिलकडच्या विषयांची आहे. प्रोजेक्टचा विषय नवा हवा, खर्च झेपायला हवा आणि गाईडही मिळायला हवा. कसा निवडू?

उत्तर:

विषयाचा प्रश्न सिव्हिलमधून घ्या, पण चार महिने बसून जे काम करायचं ते इलेक्ट्रॉनिक्सचंच ठेवा. गुण तुमच्या शाखेत मिळणार आहेत, सही तुमच्या शाखेतल्या गाईडची लागणार आहे आणि तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षकही इलेक्ट्रॉनिक्सचेच असतील. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात तुमचं इलेक्ट्रॉनिक्स कुठे आहे?" त्याचं उत्तर विषय नोंदवतानाच हातात असायला हवं.

आमच्या गटाने हे उलट केलं आणि फटका खाल्ला. माझं घर तिसवाडीत, खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीला लागून. त्यामुळे खारं पाणी शेतात कसं शिरतं यावर काहीतरी करायचं हे डोक्यात पक्कं होतं. पहिला विषय आम्ही घेतला तो बांधाच्या मजबुतीचा. सिव्हिलच्या एका सरांनी तोंडी होकार दिला, आमच्या विभागातल्या सरांनी "ते बघतील ना" म्हणून सही केली. ऑक्टोबरात सिव्हिलचे सर पीएचडीसाठी रजेवर गेले. राहिलेल्या गाईडना माती परीक्षणातलं काही येत नव्हतं, आम्हाला तर त्याहून कमी. सहा आठवडे वाया गेले.

दुसऱ्यांदा विषय निवडताना एक कसोटी लावली, तीच तुम्हाला सांगतो. दुसऱ्या शाखेचा माणूस उद्या निघून गेला तर उरलेलं काम आपल्या गाईडना तपासता येईल का? येत असेल तर विषय घ्या. सहगाईड नक्की घ्या, पण लेखी घ्या. त्यांच्याकडून नेमकं काय हवं तेही त्याच कागदावर येऊ द्या. आम्ही दोनच गोष्टी मागितल्या होत्या. प्रोब कुठे लावायचे ते जागेवर येऊन एकदा दाखवायचं आणि शेवटी आकडे वाचून द्यायचे. एवढ्याला कोणी नाही म्हणत नाही. स्वतःच्या गाईडना होकाराआधी विचारा की यंदा त्यांच्याकडे किती गट आहेत आणि लॅबची चावी कोणाकडे असते. चावीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण डिसेंबरात तुमचं काम संध्याकाळी पाचनंतरच व्हायचं असतं.

आमचा दुसरा विषय असा होता. खाजनाला नदीच्या बाजूने बांध असतो आणि बांधात मानस असते, म्हणजे पाण्याच्या जोराने आपोआप उघडमिट करणारी लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, ती मिटते. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, ती उघडते. फळ्या कुजल्या, फटी पडल्या की भरतीचं खारं पाणी आत झिरपतं, आणि शेतकऱ्याला ते कळतं भात पिवळं पडल्यावर. आमचा प्रश्न एवढाच होता, मानस गळते आहे हे दोन स्वस्त प्रोबवरून आधी कळेल का? एक प्रोब बाहेर, एक आत. मानस धड असेल तर बाहेरचा खारटपणाचा आकडा भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो आणि आतला जवळपास स्थिर राहतो. गळत असेल तर आतलाही दर भरतीला चढतो, थोडा उशिराने.

खारटपणा मोजणं नवीन नाही, ते शंभर वर्षं चालू आहे. नवेपणाचा लोक फार बाऊ करतात. पदवीच्या प्रोजेक्टला नवीन सेन्सर शोधायचा नसतो. माहीत असलेली पद्धत अशा जागी लावायची जिथे ती चालेल की नाही हे कोणी तपासलेलं नाही, एवढं नवेपण पुरतं. ते तपासायला विभागाच्या कपाटातले मागच्या चार-पाच वर्षांचे रिपोर्ट काढून बसा. तुमच्या वाक्यातली जागा आणि प्रश्न काढून टाकल्यावर "आयओटी वापरून पाण्याची गुणवत्ता" एवढंच उरत असेल, तर तसले तीन रिपोर्ट त्या कपाटात नक्की सापडतील.

आता खर्चाकडे येतो, कारण विषय तिथे मरतात. बाजारात चार-पाचशे रुपयांना पाण्याचा टीडीएस सेन्सर मिळतो आणि सगळे तोच घेतात. आम्हीही घेतला. पाण्याच्या बाटलीत सुंदर चालला, नदीत बुडवला तर आकडा वरच्या टोकाला जाऊन अडकला. ओहोटी आली, भरती आली, आकडा हलेना. कारण साधं आहे. तो सेन्सर पिण्याच्या पाण्यासाठी आहे, हजार पीपीएमपर्यंतचा, म्हणजे वाहकता साधारण २ मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या वर असते आणि खाडीतलं पाणी उन्हाळ्यात त्याच्या जवळ जातं. मोजपट्टीच आखूड पडली. माहितीपत्रकातली ही एक ओळ आधी वाचली असती तर तीन आठवडे वाचले असते.

मग तयार औद्योगिक प्रोबचं कोटेशन मागवलं, ते पंधरा हजारांच्या पुढे आलं आणि आम्हाला दोन हवे होते. शेवटी प्रोब आम्हीच बनवला, आणि खरं तर तिथेच आमचं इलेक्ट्रॉनिक्स उभं राहिलं. दोन इलेक्ट्रोडमधला पाण्याचा रोध म्हणजे सेल स्थिरांक भागिले वाहकता. स्थिरांक १ असलेल्या सेलमध्ये समुद्राच्या पाण्याचा रोध सुमारे २० ओहम येतो. एवढ्या लहान रोधात वायरचा आणि इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाचा दोषच मोठा दिसतो. स्थिरांक १० केला, म्हणजे इलेक्ट्रोड लहान घेतले आणि एकमेकांपासून दूर ठेवले, की तोच रोध २०० ओहमवर जातो आणि नीट मोजता येतो. आम्ही ग्रॅफाइटच्या कांड्या प्लास्टिकच्या नळीत बसवल्या. त्यांना सरळ डीसी देऊ नका, पाण्याचं विघटन होऊन बुडबुडे येतात आणि आकडा सरकत जातो. दिशा सतत उलटवणारा चौरस सिग्नल द्या. शिवाय पाणी एक अंश तापलं की वाहकता साधारण दोन टक्के वाढते, म्हणून तापमानाचा सेन्सर बाजूलाच हवा आणि प्रत्येक आकडा २५ अंशांवर आणायला हवा:

```
EC25 = EC / (1 + 0.02 * (T - 25))
```

हे केलं नाही तर दुपारचं ऊन तुम्हाला भरतीसारखं दिसेल.

दोन प्रोब, ईएसपी-३२ चे दोन बोर्ड, बॅटऱ्या, डबे धरून सामान साडेतीन हजारांत आलं. पण एकूण खर्च सातच्या पुढे गेला. एक बोर्ड खाऱ्या हवेने गंजला, एक डबा भरतीत वाहून गेला, उरलेले पैसे बस आणि फेरीबोटीत गेले. म्हणून बजेट लिहिताना सामानाची बेरीज करा आणि तिची दुप्पट करा. तेवढे पैसे गटाकडे नसतील तर जागा लहान करा, प्रोब एकच ठेवा, पण हा आकडा झाकून विषय मंजूर करून घेऊ नका.

दोन शाखांच्या विषयात आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे ऋतू. ब्रेडबोर्डवरचं काम कधीही होतं, पाण्याचं होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नद्या पावसाच्या पाण्याने भरलेल्या असतात, मानशीपाशी खारटपणा इतका कमी होतो की आत-बाहेर फरकच दिसत नाही. खारं पाणी वर चढतं ते पाऊस गेल्यावर, जानेवारीपासून मेपर्यंत. सुदैवाने शेवटचं सेमिस्टर त्याच काळात येतं. पहिल्या सेमिस्टरमध्ये प्रोब बनवा, दुसऱ्यात मोजा. याच काळात एक अडचणही असते. कापणीनंतर मासळीसाठी काही खाजनांत खारं पाणी मुद्दाम आत घेतात. ते तुमच्या आलेखात हुबेहूब गळतीसारखं दिसतं. म्हणून मानस कधी उघडली, कधी घातली याची नोंद तिथल्या माणसाकडून रोज घ्या.

त्या माणसाला पहिल्या दिवशीच भेटा. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात जातो. पावणी घेतलेल्याला न विचारता तिथे वायर लटकवली तर ती दुसऱ्या दिवशी नसते, आणि त्याचंही चूक नाही, तिथे त्याचं जाळं असतं. आमच्याकडच्या काकांनी आधी नकोच म्हटलं. मग मी विचारलं, "काका, खंयची फळी गळटा?" ते लगेच उठले, कंदील घेऊन मला खाली नेलं आणि डावीकडची तिसरी फळी दाखवली. आमच्या आतल्या प्रोबने पुढे तेच सांगितलं. प्रोबची ती सगळ्यात मोलाची पडताळणी ठरली.

मोजायला रोज चार वाजता जाऊ, असं ठरवू नका. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे चारच्या ठोक्याला कधी भरती सापडेल, कधी ओहोटी, आणि आलेखाला काही अर्थ राहणार नाही. दर दहा मिनिटांनी आपोआप नोंद हवी, सलग निदान पंचवीस तास, आणि जमलं तर पंधरा दिवस, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि मधली लहान भरती दोन्ही येतात. दर तीन-चार दिवसांनी प्रोब काढून पुसा. पुसण्याआधी एक आकडा आणि पुसल्यावर एक आकडा लिहून ठेवा. दोन्हींत फरक दिसला तर मधले आकडे शेवाळाने खाली ओढले आहेत, असं समजा.

विषय हाच घ्या असं नाही. तुमचा प्रश्न वेगळा असेल, खाणीतल्या पाण्याचा किंवा नारळाच्या बागेचा. पण सिनॉप्सिस देण्याआधी एक दिवस काढून सगळ्यात धोक्याचा भाग टेबलावर करून पाहा. आमच्या विषयात तो असा होता. रसायनशास्त्राच्या लॅबमधून ७.४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घेऊन त्याचं ऊर्ध्वपातित पाण्यात एक लिटर द्रावण करायचं. त्याची वाहकता २५ अंशांना १२.८८ मिलीसीमेन्स असते, ठरलेली. कच्चा प्रोब त्यात बुडवून तासभर ठेवायचा आणि आकडा हलतो का ते बघायचं. आमचा पहिला प्रोब वीस मिनिटांत घसरला, कारण आम्ही डीसी दिला होता. ते वेळेवर कळलं, म्हणून फेब्रुवारीत मानशीवर उभे राहू शकलो.