पदवीनंतरचा परवाना: महिने नेमके कधीपासून मोजायचे?

‘मुलीला सप्टेंबर २०२६ मध्ये ब्रिटनला एक वर्षाच्या एमएससीसाठी जायचंय. नंतर दोन वर्षं नोकरी करता येते, असं एजंट सांगतो. आयर्लंडचंही ऑफर लेटर आलंय. कुठे पाठवू?’

नमस्कार. एजंटने सांगितलेली दोन वर्षं तुमच्या मुलीला मिळणार नाहीत. ब्रिटनच्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधर आणि मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळतील. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं कायम आहेत. इथे प्रवेशाची नव्हे, अर्जाची तारीख धरली जाते, आणि कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्याशिवाय अर्जच करता येत नाही. तिचा प्रबंध सप्टेंबर २०२७ च्या सुमारास जमा होईल, निकाल त्यानंतर. म्हणजे जुना नियम तिला लागूच होत नाही.

या १८ महिन्यांत पुढच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजक कंपनी शोधावी लागते. बहुतेक नोकऱ्यांत नवख्या उमेदवारालाही वर्षाला किमान ३३,४०० पाउंड पगार लागतो. नवख्यांना कमी पगार चालण्याची ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षं मिळते आणि ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळ त्यातच धरतात. त्यामुळे मुलाखतीतच विचारायचं, ‘तुम्ही प्रायोजकत्व देता का?’ दीड वर्ष काम करून शेवटी नकार ऐकण्यापेक्षा ते बरं.

आयर्लंडमध्ये पदवीची पातळी बघतात. ऑनर्स बॅचलर पदवी, म्हणजे लेव्हल ८, असेल तर १२ महिने. मास्टर्स, म्हणजे लेव्हल ९, असेल तर २४. मात्र हे २४ महिने एकदम हातात पडत नाहीत. आधी १२ मिळतात आणि नूतनीकरणाच्या वेळी नोकरीसाठी खरोखर प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं. केलेले अर्ज, मुलाखतींच्या ईमेल पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगा. ऑफर लेटरवर ‘लेव्हल ९’ लिहिलंय ना, तेही आजच बघा. एक वर्षाचा पोस्टग्रॅज्युएट कोर्स दरवेळी मास्टर्सच असतो असं नाही.

कॅनडाचा विचार केला नसेल तर एकदा करा. तिथे पात्र संस्थेतून किमान आठ महिन्यांचं मास्टर्स केलं तरी तीन वर्षांचा परवाना मिळू शकतो. इतर छोट्या कोर्सना मात्र साधारण कोर्सच्या लांबीइतकाच. पण तो आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून आधी एखादा डिप्लोमा करून त्यावर तो खर्च करू नये. शिवाय परवान्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. पासपोर्ट लवकर संपत असेल तर अर्जाआधी नवा करून घ्या.

तुमच्या हातातल्या दोन पर्यायांत, कोर्स तोडीस तोड असतील तर मी आयर्लंड निवडेन. सहा महिने जास्त म्हणजे नोकरभरतीचा आणखी एक हंगाम हाती येतो. ब्रिटनचं विद्यापीठ तिच्या विषयात स्पष्टपणे सरस असेल तरच तिकडे पाठवा, आणि मग नोकरीचे अर्ज निकालानंतर नव्हे, पहिल्याच सत्रात, ऑक्टोबरपासून सुरू व्हायला हवेत.