रिव्ह्यू की अपील? निशाणी ५ फेटाळल्यानंतरचे तीस दिवस

"मॅडम, वाटपाच्या दाव्यात आमचा मनाईचा अर्ज कोर्टाने फेटाळला. आमचे कागद नीट पाहिलेच नाहीत असं आदेश वाचून वाटतं. त्याच न्यायाधीशांकडे रिव्ह्यू मागावा, वरच्या कोर्टात अपील करावं, की रिव्हिजन? आणि चुकीचा मार्ग धरला तर हक्क जातो का?"

हाच पेच घेऊन कळव्याच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलून ते प्रकरण सांगते, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

वडिलांचं कळव्यात दुमजली घर होतं. वडील गेल्यावर धाकट्या भावाने विकासकाशी बोलणी सुरू केली. ताईंनी ठाण्याच्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात वाटपाचा दावा लावला आणि भावाने घर परस्पर कुणाला देऊ नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज दिला. आपल्याकडे हा अर्ज निशाणी ५ म्हणूनच ओळखला जातो. १२ जूनला तो नामंजूर झाला.

ताईंच्या ओळखीच्या एका वकिलांनी ५ जुलैला रिव्ह्यू, म्हणजे पुनर्विलोकनाचा अर्ज दाखल करून दिला होता. ताई माझ्याकडे आल्या १५ जुलैला, कोर्ट नाक्यावरून सरळ, कागदांची पिशवी घेऊन. त्या म्हणाल्या, "मॅडम, साहेबांनी लिहिलंय की मिळकत पत्रिका दाखल नाही. अहो, ती यादीसोबत दिलेली आहे, हा बघा शिक्का! एवढी उघड चूक आहे, ते स्वतःच दुरुस्त करतील ना?"

शिक्का खरोखरच होता. रोजनाम्यातही यादी दाखल झाल्याची नोंद होती. दाखल असलेला कागद दाखल नाही असं आदेशात लिहिलं जाणं, ही अभिलेखावर उघड दिसणारी चूक आहे आणि ती रिव्ह्यूत बसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४७ मध्ये रिव्ह्यूची तीन कारणं आहेत: पुरेशी काळजी घेऊनही आधी हाती न आलेला नवा महत्त्वाचा पुरावा, अभिलेखावर उघड दिसणारी चूक, किंवा या दोहोंच्या जातीचं दुसरं पुरेसं कारण. तेव्हा आधीच्या वकिलांचा अर्ज निराधार नव्हता.

पण मी ताईंना आदेशाचा शेवटून दुसरा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. अर्ज फेटाळायला न्यायालयाने दोन कारणं दिली होती. पहिलं मिळकत पत्रिकेचं. दुसरं असं, की ताईंनी पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर 'माझा हिस्सा सोडला' असं लिहून दिलं आहे, म्हणून प्रथमदर्शनी त्यांचा हक्क दिसत नाही. पहिली चूक दुरुस्त झाली तरी आदेश दुसऱ्या कारणावर जसाच्या तसा उभा राहणार होता.

आता हे दुसरं कारण पाहा. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, नुसती नोटरी चालत नाही, असं आमचं म्हणणं. त्यावर भावाचं म्हणणं असं, की घरात तोंडी वाटणी आधीच झाली होती, हा कागद म्हणजे तिची फक्त आठवण आहे आणि अशा आठवणीच्या कागदाला नोंदणी लागत नाही. ही बाजूही कायद्यात बसू शकते. कागदाची भाषा, तारीख, त्यानंतरचं सगळ्यांचं वागणं, हे सगळं तपासूनच खरं काय ते ठरेल. जी चूक दाखवायला असा लांब युक्तिवाद लागतो, ती 'उघड दिसणारी' राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये पार्सन देवी प्रकरणात हेच सांगितलं आहे: रिव्ह्यूच्या नावाखाली अपील चालवता येत नाही. न्यायाधीशांचं मत चुकीचं असू शकतं, पण ते चूक ठरवण्याचं काम वरच्या न्यायालयाचं आहे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आदेशातली कारणं मोजायला सांगते. एखादंच कारण असेल आणि तेच दाखल कागदाशी उघड विसंगत असेल, तर रिव्ह्यूचा विचार करावा. एकाहून अधिक कारणं असतील आणि त्यातलं एक जरी वादाचं असेल, तर रिव्ह्यूत वेळ घालवू नये.

आणि ताईंच्या हाती वेळ फार थोडा होता. मनाईचा अर्ज नाकारणारा आदेश हा अपील करता येणाऱ्या आदेशांच्या यादीत आहे. कलम १०४ आणि आदेश ४३, नियम १ मध्ये ही यादी दिली आहे. दाव्याचं मूल्यांकन जिल्हा न्यायालयाच्या मर्यादेत होतं, म्हणून अपील ठाण्यातच, जिल्हा न्यायालयात होणार होतं, आणि त्याची मुदत तीस दिवस. १२ जूनचा दिवस सोडून मोजलं तर ती १२ जुलैलाच संपत होती. हे ऐकून ताईंचा चेहरा उतरला. पण नक्कल मिळवण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. त्यांनी १४ जूनला नकलेचा अर्ज केला होता आणि नक्कल २१ जूनला तयार झाली होती. ते आठ दिवस धरले तर २० जुलैपर्यंत वेळ होता. या दोन्ही तारखा नकलेच्या मागच्या शिक्क्यावर असतात. आदेशाइतकाच तो शिक्काही वाचायचा असतो.

मग ताईंनी विचारलं, "पण रिव्ह्यूचा निकाल येईपर्यंत थांबलो तर? त्यानंतर अपील करू."

इथेच बहुतेकांचा घात होतो. रिव्ह्यू दाखल केल्याने अपिलाची मुदत थांबत नाही. रिव्ह्यू नामंजूर झाला तर त्या नामंजुरीवर अपील नाही, आदेश ४७ नियम ७ मध्ये ते स्पष्ट आहे. मग उरतो मूळ आदेश, आणि त्याची मुदत केव्हाच टळलेली असते. विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. प्रामाणिकपणे रिव्ह्यूत घालवलेला वेळ हे कारण न्यायालयं ऐकून घेतात, पण माफी देणं त्यांच्या विवेकावर असतं, तो आपला हक्क नव्हे. हक्क लगेच जात नाही, पण तो दुसऱ्याच्या मर्जीवर जाऊन बसतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं आहे.

दोन्ही मार्गांचा क्रमही उलटसुलट करता येत नाही. रिव्ह्यू प्रलंबित असताना अपील करता येतं. पण आधी अपील दाखल केलं, तर त्याच आदेशावर त्याच पक्षकाराला नंतर रिव्ह्यू मागता येत नाही. ताईंच्या सुदैवाने त्यांचा क्रम चालणारा होता. आम्ही १९ जुलैला जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील दाखल केलं आणि रिव्ह्यूचा अर्ज मागे घेतला. एकाच आदेशाविरुद्ध दोन दारं ठोठावत राहिलं की प्रतिपक्ष त्यावरच बोट ठेवतो.

अपील दाखल झालं म्हणून खालच्या आदेशाचा परिणाम आपोआप थांबत नाही. इथे तर थांबवण्यासारखंही काही नव्हतं, कारण अर्ज फेटाळल्याने भाऊ मोकळाच होता. म्हणून अपिलासोबतच अपिलाचा निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' ठेवण्याचा वेगळा अर्ज दिला. भावाने कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, आधीच घातलेलं निघालं, त्यामुळे त्याला नोटीस देऊनच सुनावणी झाली. कॅव्हेट आहे का, हे दाखल करण्याआधी पाहून घ्यावं, नाहीतर तातडीची सुनावणी नुसती नोटिशीपायी पुढे जाते.

निशाणी ५ च्या अपिलात वरचं न्यायालय सगळं नव्याने तोलत नाही. खालच्या न्यायालयाने विवेक वापरला असेल, तर 'आम्ही असतो तर वेगळं ठरवलं असतं' एवढ्यावर ते आदेश बदलत नाही. विवेक मनमानीने वापरला किंवा मान्य तत्त्वं डावलली असं दाखवावं लागतं. वांडर लिमिटेडच्या १९९० च्या निकालापासून ही कसोटी रूढ आहे. ताईंच्या प्रकरणात दाखल मिळकत पत्रिकेकडे दुर्लक्ष हा मुद्दा इथे फार उपयोगी पडला. रिव्ह्यूत जो एकटा अपुरा होता, तोच अपिलात हस्तक्षेपाचं कारण ठरला, आणि नोटरीच्या कागदाचा वादही त्याच टेबलावर मांडता आला.

मधेच एक गोंधळ झाला. भावाने दावा मुदतबाह्य आहे म्हणून वादपत्रच फेटाळा असा अर्ज दिला होता, तो नामंजूर झाला आणि भाऊ रिव्हिजनसाठी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला. ताई घाबरल्या. "ते हायकोर्टात आणि आपण ठाण्यात! आपण कमी पडलो का?" मी त्यांना सांगितलं, दोघेही आपापल्या योग्य जागी आहोत. त्याच्या आदेशावर अपील नाही. आणि कलम ११५ खालच्या रिव्हिजनची अट अशी, की तो आदेश उलट लागला असता तर दावाच निकाली निघाला असता का? वादपत्र फेटाळलं गेलं असतं तर दावा संपलाच असता, म्हणून त्याला रिव्हिजन खुलं होतं, मुदत नव्वद दिवस. तिथेही उच्च न्यायालय अधिकारक्षेत्राची चूक किंवा अधिकार वापरताना झालेली गंभीर अनियमितता पाहतं, पुरावा पुन्हा तोलत बसत नाही. आमच्या निशाणी ५ ला ही अट लागू केली तर उत्तर 'नाही' येतं, मनाई मिळाली असती तरी दावा चालूच राहिला असता. शिवाय जिथे अपील आहे तिथे रिव्हिजन नाहीच. ही अट २००२ पासून कडक झाली आहे.

अपील आणि रिव्हिजन दोन्हीत न बसणारे आदेशही असतात, उदाहरणार्थ साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज नाकारणं. अशा वेळी घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येतं, किंवा निर्णयावर परिणाम करणारी ती चूक अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात कलम १०५ खाली मांडता येते. दर छोट्या आदेशासाठी धावलात तर दावा वर्षानुवर्षं रखडतो. मी सहसा दुसरा मार्ग सुचवते.

ताईंचं अपील अंशतः मंजूर झालं. घरावर त्रयस्थाचा हक्क निर्माण करायचा नाही, एवढी मनाई मिळाली. भावाने दुरुस्ती करू नये ही मागणी नाकारली गेली. ताईंना त्यावरही पुढे जायचं होतं. पण कलम १०४ प्रमाणे आदेशावरच्या अपिलाच्या निर्णयावर दुसरं अपील नाही. उरला असता अनुच्छेद २२७. छपराच्या पत्र्यांसाठी तो खर्च करू नका, असं मी स्पष्ट सांगितलं, आणि पुराव्याचं शपथपत्र तयार करायला घेतलं.

तुमचा आदेशही निशाणी ५ वरचाच आहे. आदेशाची तारीख, नकलेवरच्या दोन तारखा आणि दाव्याचं मूल्यांकन आधी काढून ठेवा. नकलेसाठी अर्ज केला नसेल तर उद्याच करा. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाचे दिवस वगळले जात नाहीत.